कापलेल्या अक्षराची कड

व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये आकाराचे दोन तुकडे करणे हे काम पहिल्या आठवड्यातच शिकवले जाते. नाइफ घ्या आणि आकारावरून ओढा. किंवा आकारावर एक रेषा काढा, दोन्ही निवडा आणि पाथफाइंडरमधले डिव्हाइड दाबा. तुकडे होतात, एकाला वेगळा रंग देता येतो आणि धडा संपतो. ही पुस्तिका त्या धड्याच्या पुढून सुरू होते. कापल्यावर जी नवी कड तयार होते ती पडद्यावर कशी दिसते, छपाईत तिचे काय होते आणि रेडियम कापणाऱ्या प्लॉटरवर किंवा लेझरवर ती कशी वागते, हा पुस्तिकेचा विषय आहे. उदाहरण म्हणून मुद्दाम देवनागरी अक्षरे घेतली आहेत, कारण आपल्याकडे हे काम सर्वांत जास्त होते ते दुकानाच्या पाट्यांवर, गाड्यांच्या काचांवर आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर, म्हणजे अक्षरांवरच. शिवाय देवनागरीची शिरोरेषा असे काही प्रश्न उभे करते, जे रोमन अक्षरांवर आधारलेल्या धड्यांत सहसा भेटत नाहीत.

कापण्यातली बहुतेक अडचण एका गोष्टीत आहे असे मी मानतो. दोन शेतांच्या मध्ये एकच बांध असतो आणि तो दोघांचा असतो. कापलेल्या आकारांचे तसे नसते. प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र, पूर्ण बंद आकार असतो आणि त्याची कड त्याच्या एकट्याच्या मालकीची असते. जिथे आपल्याला एक रेष दिसते तिथे प्रत्यक्षात दोन रेषा एकावर एक बसलेल्या असतात. पुढे जे काही बिघडते ते या दोन रेषांमुळे बिघडते, आणि ते कसे सांभाळायचे हे काम कुठे जाणार आहे त्यावर ठरते.

आधी कापण्याची क्रिया समजून घेऊ. पडद्यावरचा आकार सॉफ्टवेअरच्या लेखी बिंदूंची यादी असतो. प्रत्येक वक्र खंड चार बिंदूंनी ठरतो: दोन टोके, म्हणजे अँकर पॉइंट, आणि त्या टोकांतून बाहेर येणाऱ्या दोन हँडलची दोन टोके. हे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आले. पॉल द कास्टेलजो यांनी 1959च्या सुमारास सित्रोएँ कंपनीत ते मांडले आणि रेनोमधल्या पियरे बेझिए यांनी 1960च्या दशकात ते प्रसिद्ध केले, म्हणून वक्राला नाव बेझिएंचे मिळाले. मात्र वक्र कापताना आजही उपयोगी पडते ती कास्टेलजो यांची रीत.

ती रीत कागदावर करून बघण्यासारखी आहे. समजा एका खंडाचे चार बिंदू (0,0), (0,100), (100,100) आणि (100,0) असे आहेत. म्हणजे कमानीसारखा एक वक्र. तो बरोबर मध्यावर कापायचा आहे. शेजारशेजारच्या बिंदूंचे मध्यबिंदू काढा: (0,50), (50,100), (100,50). त्या तिघांचे पुन्हा मध्यबिंदू काढा: (25,75) आणि (75,75). या दोघांचा मध्यबिंदू (50,75). हाच कापाचा बिंदू आणि तो मूळ वक्रावरच आहे. डाव्या तुकड्याचे चार बिंदू आता (0,0), (0,50), (25,75), (50,75) झाले. उजव्या तुकड्याचे चार तसेच दुसऱ्या बाजूने मिळतात. हे दोन तुकडे जोडले की मूळ कमान जशीच्या तशी परत येते. तिथे केसाइतकाही फरक पडत नाही. मध्याऐवजी एक तृतीयांशावर कापायचे असेल तर प्रत्येक वेळी मध्यबिंदूऐवजी तो बिंदू घ्यायचा, बाकी सगळे तेच. म्हणून कापल्याने आकार बिघडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. वक्राचा एक भाग तोडून घेणे हे अगदी नेमके गणित आहे.

अवघड भाग त्याच्या आधी येतो, आणि तो म्हणजे कुठे तोडायचे हे शोधणे. कापणारी रेष आणि आकाराची कड कोणत्या बिंदूवर छेदतात हे सॉफ्टवेअरला शोधावे लागते. असे दोन वक्र एकमेकांना जास्तीत जास्त नऊ ठिकाणी छेदू शकतात आणि ते बिंदू जवळजवळ जात, अंदाज सुधारत काढले जातात. इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरच्या पर्यायांत `Precision` नावाचा आकडा असतो आणि तो मुळात 0.028 पॉइंट असतो, म्हणजे मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग. नेहमीच्या कामाला एवढी अचूकता पुरते. फक्त एका परिस्थितीत पुरत नाही: कापणारी रेष आकाराच्या कडेवरूनच जवळजवळ समांतर धावत असेल तेव्हा. मग ती कड कधी रेषेच्या आत येते, कधी बाहेर जाते, आणि कापल्यानंतर केसासारखे लांब, निरुपयोगी तुकडे उरतात. यावर उपाय एकच. कापणारी रेष आकाराच्या कडेला ओलांडून जाऊ द्यावी आणि दोन्ही बाजूंना भरपूर बाहेर काढावी. कडेवर कड बसवून कापू नये.

आता हत्यारांकडे. नाइफ हाताच्या मागे चालते, डिव्हाइड भूमितीच्या मागे. नाइफने ओढलेली रेष हाताच्या थरथरीसह आकारात उतरते आणि कापाच्या कडेवर बरेच अँकर पॉइंट सोडून जाते. फाटलेल्या कागदाची, तडकलेल्या दगडाची कड हवी असेल तर हे उत्तमच. सरळ काप हवा असेल तर इलस्ट्रेटरमध्ये क्लिक करण्याच्या आधीपासून `Alt` दाबून ठेवावे लागते. सोबत `Shift` धरले तर काप 45 अंशांच्या टप्प्यांत जातो. नाइफची दुसरी सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही निवडलेले नसेल तर तिच्या वाटेत येणारी प्रत्येक गोष्ट ती कापते. पाटीच्या मागची पार्श्वभूमीची चौकट, शेजारचा लोगो, सगळे. म्हणून आधी निवड करावी, मग नाइफ घ्यावी, किंवा बाकीचे थर कुलूपबंद करावेत.

माझी पसंती बहुतेक वेळा डिव्हाइडला आहे. कारण साधे आहे: कापण्याआधी रेष डोळ्यांसमोर असते. ती पेन टूलने काढता येते, हलवता येते, दोन हँडल ओढून तिचा बाक बदलता येतो, आणि ती पटली की मगच आकार कापला जातो. रेषेला फिल नसावा एवढे बघावे. वाकड्या रेषेला चुकून फिल राहिला तर सॉफ्टवेअर तिची दोन टोके मनातल्या मनात जोडते आणि त्या बाकातला भाग वेगळा आकार धरून कापते. नको असलेले तुकडे येतात. इलस्ट्रेटरमध्ये आणखी एक आज्ञा आहे, `Object > Path > Divide Objects Below`. तिला फक्त वरची रेष निवडून द्यायची. खाली जे काही असेल ते त्या रेषेने कापले जाते आणि रेष नाहीशी होते. ही आज्ञा झटपट आहे, पण नाइफसारखीच ती खालचे सगळे कापते, त्यामुळे कुलूप लावण्याची खबरदारी इथेही लागते. इंकस्केपमध्ये `Path > Division` बरोबर दोनच वस्तू घेते, वरची वस्तू खालचीला कापते. 2023मध्ये आलेल्या 1.3 आवृत्तीत `Fracture` ही आज्ञा आली. ती अनेक आकारांचे एकाच वेळी तुकडे करते, म्हणजे इलस्ट्रेटरच्या डिव्हाइडच्या बरीच जवळची.

आता एक शब्द घेऊन पूर्ण काम करू. शब्द आहे ‘वारा’. जाड, साध्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. त्याच्या मधून डावीकडून उजवीकडे वाऱ्याच्या झोतासारखी एक लाट न्यायची आहे. लाटेच्या वरचा भाग गडद निळा, खालचा फिकट पिवळा.

पहिले काम म्हणजे मजकुराची बाह्यरेषा करणे. आपल्या दुकानांतून ‘फाइल कर्व्ह करून द्या’ असे जे म्हणतात तेच; इलस्ट्रेटरमध्ये `Ctrl+Shift+O`, कोरलड्रॉमध्ये `Ctrl+Q`. इलस्ट्रेटरमध्ये जिवंत मजकूर नाइफने कापला जात नाही. कर्व्ह केल्यावर शब्द बदलता येत नाही, म्हणून मूळ मजकुराची प्रत एका बंद थरावर ठेवून द्यावी, आणि जोडाक्षरे, रफार, पहिली वेलांटी आपापल्या जागी आहेत ना हे कर्व्ह करण्याआधी वाचून घ्यावे. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-जुळणी चालू नसेल तर वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते, आणि कर्व्ह झाल्यावर ती हाताने उचलून ठेवण्याशिवाय इलाज राहत नाही.

आता शब्दाकडे `Ctrl+Y` दाबून, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांच्या दृश्यात पाहा. रंगाच्या दृश्यात अखंड वाटणारी शिरोरेषा इथे तुटक दिसते. व, काना, र, काना ही चार चिन्हे आहेत आणि प्रत्येकाने आपल्या डोक्यावरचा शिरोरेषेचा तुकडा आपल्याबरोबर आणला आहे. फॉन्ट करणारे हे तुकडे शेजाऱ्याच्या तुकड्यावर किंचित चढवून ठेवतात, म्हणजे छापताना मध्ये फट राहत नाही. ते शहाणपणाचे आहे, पण डिव्हाइडच्या दृष्टीने जिथे दोन आकार एकमेकांवर चढतात तो भाग स्वतंत्र तुकडा असतो. चार चिन्हांमध्ये असे तीन सांधे आहेत.

हिशोब करून पाहू. लाट अक्षरांच्या साधारण मध्यातून जाते आहे, शिरोरेषेच्या बरीच खाली. शब्द आधी एकसंध केला असेल तर लाटेच्या वर एकच तुकडा उरायला हवा, कारण वरचे सगळे शिरोरेषेला लटकलेले आहे. लाटेच्या खाली चार तुकडे: व चा खालचा भाग, पहिला काना, र ची शेपटी आणि शेवटचा काना. एकूण पाच. शब्द एकसंध न करता थेट डिव्हाइड केले तर खालचे चार तसेच येतात, पण वर चार चिन्हांचे चार तुकडे आणि तीन सांध्यांच्या तीन चिपा, असे सात होतात. एकूण अकरा. रंग एकच असेपर्यंत हे अकरा तुकडे पाचांसारखेच दिसतात, म्हणूनच ते धोक्याचे. प्लॉटर मात्र दिसण्यावर चालत नाही. तो प्रत्येक चिप तिच्या चारही बाजूंनी कापतो, आणि काचेवर चिकटवलेल्या शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभे काप दिसतात. गाड्यांच्या मागच्या काचेवर असे काप असलेली नावे तुम्ही पाहिली असतील. उन्हापावसात रेडियम तिथूनच उचलायला लागते.

म्हणून कापण्याआधी जोडणे. इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये त्याला `Unite` म्हणतात, कोरलमध्ये वेल्ड, इंकस्केपमध्ये `Union`. इंकस्केपचे `Division` दोनच वस्तू घेत असल्याने तिथे हे टाळताच येत नाही, आणि ती शिस्त बाकीच्यांनीही उचलावी अशी आहे. जोडल्यावर पुन्हा `Ctrl+Y` करून शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग झाली आहे का ते पाहा. ज्या शब्दांत मात्रा, अनुस्वार, उकार जास्त आहेत त्यांत सांधेही जास्त असतात. ‘वारा’ मुद्दाम सोपा घेतला आहे.

दुसरी गोष्ट व च्या पोटातली. व च्या गोलातली पोकळी म्हणजे बाह्यरेषेच्या आतली दुसरी रेष. दोघी मिळून एक संयुक्त पाथ होतो आणि म्हणून आतली जागा रिकामी राहते. लाट त्या पोकळीतूनही जाते. डिव्हाइड केल्यावर पोकळीचेही दोन भाग होतात आणि ते फिल नसलेले, स्ट्रोक नसलेले, न दिसणारे आकार म्हणून गटात राहू शकतात. पाथफाइंडरच्या पर्यायांत `Divide and Outline Will Remove Unpainted Artwork` वर खूण असेल तर ते आपोआप जातात. नसेल तर पाचाऐवजी सात आकार हाती येतात. हे ओळखणे सोपे आहे. गट सोडवून सगळ्याला एकदम निळा रंग देऊन पाहा: व चे पोट भरले तर तिथे न दिसणारे तुकडे आहेत. `Ctrl+Z` करा, खूण लावा, पुन्हा कापा.

तिसरी गोष्ट लाटेच्या वाटेची. र ला शिरोरेषेखाली जी गाठ असते, तिच्या मधून लाट गेली तर गाठीचा डावा कोपरा शेपटीपासून सुटून वेगळा, नखाएवढा तुकडा होतो. तो चुकीचा नाही, पण डोळ्याला खुपतो आणि प्लॉटरवर सोलताना हमखास हरवतो. लाट गाठीच्या जरा खालून न्यावी, त्यासाठी एक हँडल थोडे ओढले की पुरते. कापण्याआधी रेष समोर असण्याचा फायदा म्हणतात तो हाच. शब्दाला स्ट्रोक असेल तर तोही आधी काढावा किंवा `Outline Stroke` करून त्याचा आकार करून घ्यावा, कारण कापल्यावर स्ट्रोक प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजूंनी फिरतो आणि लाटेवरही उमटतो. स्ट्रोक कडेच्या दोन्ही अंगांना निम्मा निम्मा असतो. दोन पॉइंटांचा असेल तर एक पॉइंट शेजारच्या तुकड्यात शिरतो.

एवढे केल्यावर पाच तुकडे हाती येतात. वरच्या एकाला निळा, खालच्या चौघांना पिवळा. आणि आता लाटेवर, निळ्या-पिवळ्याच्या मध्ये, केसाइतकी बारीक पांढरी रेष दिसते.

ही रेष पाहिली की पहिला संशय आपल्या कापण्यावर येतो. तिची परीक्षा अशी: झूम वाढवत न्या. फट खरी असेल तर झूमबरोबर ती रुंदावत जाते. ती नेहमी एका पिक्सेलएवढीच राहिली, किंवा एका पातळीला दिसली आणि दुसऱ्याला गेली, तर फट नाही. तो पडदा रंगवण्याच्या रीतीचा परिणाम आहे. कारण समजून घेण्याजोगे आहे. कडेवरचा एखादा पिक्सेल समजा अर्धा वरच्या तुकड्यात आणि अर्धा खालच्या तुकड्यात आहे. कड मऊ दिसावी म्हणून सॉफ्टवेअर आधी खालचा तुकडा रंगवताना त्या पिक्सेलचा 50 टक्के भाग पिवळा करते. मागचा पांढरा 50 टक्के उरतो. मग वरचा तुकडा रंगवताना, जे काही तिथे आहे त्याच्या 50 टक्क्यांवर निळा घालते. उरलेला पांढरा निम्मा होऊन 25 टक्के राहतो. दोन्ही तुकड्यांनी मिळून पिक्सेल पूर्ण झाकलेला असूनही चौथा हिस्सा मागचा दिसतोच, कारण एक तुकडा रंगवताना दुसऱ्याने कोणती बाजू झाकली आहे हे सॉफ्टवेअर लक्षात ठेवत नाही. एकावर एक बसलेल्या दोन कडांचा हा सर्वांत नेहमीचा परिणाम.

फ्लेक्ससाठी जेपीईजी करून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि तिथे हा भास खरा होतो. फाइल एकदा पिक्सेलची झाली की ती फिकट रेष कायमची चित्रात बसते. छापील मापात 72 डीपीआय असेल तर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर रुंदीची. इलस्ट्रेटरमधून चित्र काढताना `Art Optimized` पर्याय घेतला तर प्रत्येक पिक्सेलचे आधी अनेक बारीक भाग करून मग सरासरी काढली जाते आणि रेष बरीचशी जाते. पण मला जास्त विश्वासाचा वाटतो तो दुसरा मार्ग: दोन्ही बाजू कापूच नयेत. अखंड ‘वारा’ पिवळ्या रंगात तळाशी ठेवावा आणि त्याच्यावर फक्त लाटेच्या वरचा निळा तुकडा बसवावा. लाटेवर आता एकच कड आहे, निळ्याची. तिच्या खालून पिवळा पुढे गेलेला आहे, त्यामुळे पांढरे डोकवायला जागाच उरत नाही. शिरोरेषेच्या बाहेरच्या कडांवर निळ्याच्या आजूबाजूला पिवळ्याची किंचित झाक येऊ शकते. तीही नको असेल तर तळाचा पिवळा शब्द लाटेच्या एखादा पॉइंट वर सपाट कापून टाकावा. कोरलड्रॉच्या अलीकडच्या आवृत्त्यांत नाइफलाच असा पर्याय आहे: कापताना तुकड्यांमध्ये फट ठेवायची, काहीच नाही, की ते एकमेकांवर चढवायचे, हे आधी सांगता येते. चढवण्याचा पर्याय पडद्यासाठी आणि फ्लेक्ससाठी योग्य.

ऑफसेट छपाईत मात्र एवढ्याने भागत नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. पडद्यावर पिवळा निळ्याच्या खालून गेलेला दिसतो, पण प्लेट बनताना वरचा रंग खालच्याला आपल्या जागेपुरता खोडून टाकतो. म्हणजे पिवळ्याच्या प्लेटवर लाटेपाशी पुन्हा नेमकी कड तयार होते. यंत्रावर कागद किंचित सरकला की दोन शायांच्या मध्ये कागदाची पांढरी फट दिसते. इथे फिकट रंग गडदाच्या खाली खरोखर पसरवावा लागतो. पिवळ्या तुकड्यांना अर्ध्या पॉइंटचा पिवळा स्ट्रोक द्यायचा, ते वरच्या बाजूला आणायचे आणि `Window > Attributes` मध्ये स्ट्रोकला `Overprint Stroke` लावायचे. निम्मा स्ट्रोक, म्हणजे पाव पॉइंट, निळ्यावर चढतो आणि तिथे दोन्ही शाया मिळून निळा थोडा गडद होतो, पण तो फरक दिसत नाही. `View > Overprint Preview` मध्ये हे आधी पाहता येते. दोन रंगांत एखादी शाई सामायिक असेल, उदाहरणार्थ दोन्हींत भरपूर मॅजेंटा असेल, तर फट पांढरी दिसत नाही आणि या खटाटोपाची गरज राहत नाही. पिवळ्या-निळ्याची जोडी त्या दृष्टीने सर्वांत निष्ठुर. सरावासाठी तीच निवडली आहे.

प्लॉटरवरचे आणि लेझरवरचे काम याच्या उलट दिशेने विचार करायला लावते. तिथे रंगाच्या खाली रंग नसतो. वस्तूच कापायची असते. रेडियमचा शब्द दोन रंगांत करायचा असेल तर निळा आणि पिवळा वेगवेगळ्या शीटवर कापले जातात आणि काचेवर जोडले जातात. डिव्हाइडने आलेले तुकडे तंतोतंत कडेला कड लावून चिकटवले तर पहिल्या दिवशी ते सुरेख दिसतात. पण रेडियम उन्हात थोडे आक्रसते आणि लाटेवर काच दिसू लागते. म्हणून पिवळा तुकडा लाटेपलीकडे एखाद-दोन मिलिमीटर वाढवून कापायचा आणि निळा त्याच्यावर चढवायचा. लाटेची तीच रेष वर सरकवून तिने पिवळ्यासाठी वेगळा काप घेतला की झाले. मूळ रेष एका थरावर जपून ठेवली असेल तर हे काम क्षणाचे आहे.

लेझरवर एकाच ॲक्रिलिकच्या तुकड्यातून दोन्ही भाग कापायचे असतील तर डिव्हाइड केलेली फाइल पाठवूच नये. लाटेवर वरच्या तुकड्याची एक कड आणि खालच्या तुकड्यांची एक कड आहे. लेझर दोन्हींवरून जातो, म्हणजे तिथून दोनदा. पहिल्या फेरीत कापलेल्या जागेला दुसऱ्यांदा उष्णता मिळते, कड वितळते, लाकूड असेल तर काळी पडते, आणि कापाची रुंदी वाढते. त्याऐवजी एकसंध केलेल्या शब्दाची बाह्यरेष आणि लाटेची एक मोकळी रेष, एवढेच पाठवावे. लाट अक्षरांच्या बाहेरही जाईल, पण तिथला भाग टाकाऊच आहे. क्रम मात्र सांगावा लागतो: आधी लाट, मग व ची पोकळी, शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर अक्षर शीटमधून सुटते, किंचित हलते आणि लाट भलत्या जागी पडते. कापाची स्वतःची रुंदीही असते, तीन मिलिमीटर ॲक्रिलिकमध्ये साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर, आणि तेवढी फट दोन तुकड्यांमध्ये राहणारच. दुसऱ्या रंगाच्या शीटमधला तुकडा त्या जागी घट्ट बसवायचा असेल तर त्याची कड कापाच्या पूर्ण रुंदीएवढी बाहेर सरकवून घ्यावी लागते, आणि नेमकी रुंदी त्या यंत्रावर, त्याच शीटच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून मोजावी लागते.

पुढच्या प्रत्येक सरावात याच क्रमाने काम केले आहे: जोडणे, रेष काढणे, कापणे, तुकडे मोजणे. मोजण्याचा आकडा प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला दिला आहे, ‘वारा’ला पाच तसा. कापून झाल्यावर तुमचा आकडा त्याहून जास्त आला तर पुढे जाऊ नका. `Ctrl+Y` करून सांध्यांकडे आणि अक्षरांच्या पोटांकडे पाहा. पहिले चार सराव एका शब्दाचे आहेत, पाचव्यात जोडाक्षरे येतात, आणि सातव्यात शिरोरेषेच्या अगदी जवळून जाणारी रेष आहे, जिथे वर सांगितलेल्या केसासारख्या चिपा मुद्दाम तयार करून मग काढून दाखवल्या आहेत.